‘प्रोबायोटिक’ सीरमचं लेबल कसं वाचायचं: जिवंत काय, मेलेलं काय आणि एक टक्क्याची रेघ

दादरच्या केमिस्टकडे असो की मोबाइलवरच्या ॲपवर, ‘त्वचेचा मायक्रोबायोम सांभाळणारं’ सीरम किंवा क्रीम आता सहज दिसतं. मायक्रोबायोम म्हणजे त्वचेवर राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा समुदाय. किंमत साध्या मॉइश्चरायझरच्या दुप्पट-तिप्पट असते आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्रोबायोटिक’ लिहिलेलं असतं. हा शब्द वाचला की डोळ्यासमोर दही येतं, पोटाला चांगले असलेले जिवंत जीवाणू येतात. लेबलची पडताळणी याच समजुतीपासून सुरू करायला हवी. बाटलीत खरंच काही जिवंत आहे का, हे कळलं की पुढचे बहुतेक दावे आपोआप जागेवर येतात.

या लेखात एकच बाटली हातात घेऊन तिचं लेबल ओळीओळीने वाचू. बाजारात दिसणाऱ्या लेबलांच्या धर्तीवर ते इथे रचलं आहे, ते कुठल्याही एका कंपनीचं नाही.

खोक्याची दर्शनी बाजू: ‘प्रो + प्री बायोटिक बॅरियर सीरम. ५ अब्ज प्रोबायोटिक्स. मायक्रोबायोम-फ्रेंडली. २८ दिवसांत ९३% महिलांना त्वचा शांत वाटली. ३० मिली, ८९९ रुपये.’

मागची बाजू, बारीक अक्षरांत: ‘ॲक्वा, ग्लिसरिन, नायसिनामाइड, ब्युटिलीन ग्लायकॉल, पॅन्थेनॉल, फिनॉक्सीइथेनॉल, इन्युलिन, अल्फा-ग्लुकन ऑलिगोसॅकराइड, लॅक्टोबॅसिलस फर्मेंट लायसेट, बायफिडा फर्मेंट लायसेट, झँथन गम, इथिलहेक्झिलग्लिसरिन, सायट्रिक ॲसिड, डायसोडियम ईडीटीए, परफ्यूम. थंड व कोरड्या जागी ठेवा.’

पहिली पायरी: बाटलीत काही जिवंत आहे का?

‘प्रोबायोटिक’ या शब्दाला शास्त्रात ठरलेला अर्थ आहे. पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव, ही व्याख्या २००१ साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मांडली आणि २०१४ मध्ये या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंडळाने थोड्या सुधारणेसह कायम ठेवली. व्याख्येत तीन अटी आहेत: जीव जिवंत हवा, मात्रा पुरेशी हवी आणि फायदा दाखवलेला हवा. खाद्यपदार्थांच्या बाबतीत आपल्याकडे कायदाही याला आकडा लावतो. एफएसएसएआयच्या नियमांनुसार प्रोबायोटिक अन्नात दिवसाच्या शिफारस केलेल्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत सूक्ष्मजीव असावे लागतात. चेहऱ्याला लावायच्या सीरमच्या खोक्यावर हा शब्द छापताना असा कुठलाही आकडा सिद्ध करावा लागत नाही.

आता आपल्या लेबलवर फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे परिरक्षक आहे, म्हणजे उत्पादनात जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं रसायन. शेजारचं इथिलहेक्झिलग्लिसरिन त्याला जोर देतं आणि ईडीटीए जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणातली धातूंची पकड सैल करून त्यात भर घालतं. ही तिन्ही नावं एकत्र दिसली की समजायचं, बाटली सूक्ष्मजीवांना टिकू न देण्यासाठीच तयार केलेली आहे.

ती तशी आहे की नाही याची परीक्षाही घेतली जाते. तिला चॅलेंज टेस्ट म्हणतात आणि तिचं सर्वाधिक वापरात असलेलं मानक आहे आयएसओ ११९३०. या चाचणीत तयार उत्पादनात मुद्दाम जीवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडतात आणि २८ दिवस मोजत राहतात. कडक निकषानुसार सात दिवसांत जीवाणूंची संख्या निदान हजारपटीने घटावी लागते आणि नंतर ती वाढता कामा नये. ज्या द्रवात हजारातला एखादाच जीवाणू आठवडाभर तग धरतो, त्यात लॅक्टोबॅसिलस मात्र वर्षभर सुखाने नांदतो असं मानायला काहीच आधार नाही. शिवाय त्वचेच्या क्रीमसाठीच्या भारतीय मानकात एका ग्रॅममध्ये एकूण जिवंत सूक्ष्मजीव हजाराच्या वर असू नयेत, अशी मर्यादा आहे. दह्याच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवंत जीवाणू असतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की दिसतं, जे सीरम नियमात बसतं ते दह्याच्या अर्थाने प्रोबायोटिक असू शकत नाही.

दुसरी खूण साठवणुकीची. आपल्या बाटलीवर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ एवढंच आहे. ती भिवंडीच्या गोदामात पडून राहिली असेल, मे महिन्यात डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरच्या पिशवीतून आली असेल आणि आता अंधेरीतल्या बाथरूमच्या फळीवर उभी असेल. पाण्यात असलेले बहुतेक जिवंत जीवाणू या प्रवासात संख्येने टिकत नाहीत.

खरोखर जिवंत जीवाणू असलेली उत्पादनं अगदीच नसतात असं नाही, पण ती वेगळी दिसतात. एक तर ती फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलेली असतात आणि उघडल्यावर काही आठवड्यांत संपवायची असतात. नाही तर गोठवून वाळवलेली भुकटी वेगळ्या कप्प्यात असते आणि वापरताना मिसळायची असते. काहींमध्ये पाणीच नसतं, सगळा आधार तेलाचा असतो. बॅसिलस जातीचे बीजाणू हा आणखी एक मार्ग आहे. बीजाणू म्हणजे जीवाणूचं झोपलेलं, जाड कवचातलं रूप. ते परिरक्षक आणि उष्णता सोसतात, पण त्वचेवर जागे होऊन काही काम करतात का, हे त्या त्या उत्पादनाला वेगळं दाखवावं लागतं. यातलं कुठलंही असलं तरी प्रामाणिक लेबलवर चार गोष्टी असायला हव्यात: जीवाणूचं पूर्ण नाव आणि त्याचा विशिष्ट स्ट्रेन, मुदत संपण्याच्या दिवशी शिल्लक राहणारी जिवंत संख्या, साठवणुकीचं तापमान आणि उघडल्यानंतरची मुदत. स्ट्रेन महत्त्वाचा, कारण एकाच प्रजातीतला एक स्ट्रेन उपयोगी तर दुसरा निरुपयोगी असू शकतो. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिणं म्हणजे पत्त्याच्या जागी नुसतं ‘मुंबई’ लिहिण्यासारखं.

दुसरी पायरी: फर्मेंट, लायसेट, फिल्ट्रेट हे शब्द सोडवा

जिवंत नाही, तर मग आहे काय? उत्तर त्याच नावांत लपलेलं असतं. ‘लायसेट’ म्हणजे जीवाणू वाढवून नंतर फोडलेले. त्यांच्या पेशींचे तुकडे, प्रथिनं आणि आतला रस असं ते मिश्रण असतं. ‘फर्मेंट फिल्ट्रेट’ म्हणजे जीवाणू किंवा यीस्ट ज्या द्रवात आंबवले तो गाळून घेतलेला द्रव, ज्यात पेशी जवळपास नसतातच. नुसतं ‘फर्मेंट’ असेल तर गाळलं की नाही ते नावावरून कळत नाही.

यांना शास्त्रीय भाषेत २०२१ पासून ‘पोस्टबायोटिक’ हा शब्द आहे: निर्जीव सूक्ष्मजीव किंवा त्यांचे घटक, ज्यांनी फायदा होतो असं दाखवलेलं आहे. त्या व्याख्येनुसार गाळलेला द्रव एकटा त्यातही बसत नाही, कारण पोस्टबायोटिकमध्ये पेशी किंवा त्यांचे तुकडे असावे लागतात. म्हणून आपल्या सीरमला फार तर ‘जीवाणूंच्या अर्काचं सीरम’ म्हणता येईल. मेलेले जीवाणू निरुपयोगीच, असं मात्र म्हणायचं नाही. त्वचेतल्या प्रतिकारपेशी जीवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखतात आणि त्यातून दाह कमी-जास्त होऊ शकतो. पण मेलेला जीवाणू त्वचेवर वसाहत करत नाही, वाढत नाही, ‘चांगल्या जीवाणूंची भर’ घालत नाही. जाहिरातीत गोल हसरे जीवाणू गालावर जाऊन बसतात, ते चित्र या बाटलीला लागू नाही.

शिवाय लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडो हे मुळात आतड्याचे रहिवासी. तेलकट चेहऱ्यावर राज्य असतं क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेसचं, सोबत स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस आणि मॅलॅसेझिया ही यीस्ट. आतड्यातल्या जीवाणूंचे पोटावरचे पुरावे चेहऱ्याच्या जाहिरातीत वापरलेले दिसले, तर ते बाजूला ठेवावेत.

एक नाव इथे मुद्दाम ओळखून ठेवा: ‘ल्युकोनोस्टॉक रॅडिश रूट फर्मेंट फिल्ट्रेट’, म्हणजे मुळा आंबवून केलेला अर्क. हा घटक कच्चा माल विकणारे ‘नैसर्गिक परिरक्षक’ म्हणून विकतात. त्याचं बाटलीतलं काम जंतू मारणं हे आहे. काही लॅक्टोबॅसिलस फर्मेंटही याच कामासाठी विकले जातात. तेव्हा फर्मेंट दिसलं की ते त्वचेतल्या जीवाणूंचं पोषण करायला घातलंय असं धरून चालू नका. बाटली टिकवायलाही घातलेलं असू शकतं, आणि बाकी कुठलंच परिरक्षक यादीत दिसत नसेल तर ती शक्यता जास्त.

तिसरी पायरी: एक टक्क्याची रेघ ओढा

ही पायरी सगळ्यात कामाची आहे, आणि फक्त पेन्सिल लागते. आपल्याकडच्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, पण हव्या त्या क्रमाने लिहिता येतात. ‘एक टक्का कुठे संपला’ हे मात्र यादीत लिहिलेलं नसतं. ते शोधायला असा घटक लागतो, ज्याची कमाल मर्यादा आपल्याला माहीत आहे. फिनॉक्सीइथेनॉल तसा आहे. सौंदर्यप्रसाधनात ते एक टक्क्यापर्यंतच वापरता येतं.

म्हणून आपल्या यादीत फिनॉक्सीइथेनॉलखाली रेघ ओढा. त्याच्या खालचं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी आहे, हे पक्कं. त्याच्या वरचं सगळं एक टक्क्याहून जास्त आहे, असं मात्र म्हणता येत नाही, कारण कमी प्रमाणातले घटक हव्या त्या क्रमाने लिहिता येतात आणि चांगली वाटणारी नावं वर सरकवायची मुभा उत्पादकाला असते. म्हणजे ही रेघ फक्त एका बाजूने पुरावा देते. तेवढाही इथे पुरतो. इन्युलिन, अल्फा-ग्लुकन आणि दोन्ही लायसेट, म्हणजे दर्शनी बाजूच्या सगळ्या नायकांची नावं रेघेखाली आहेत.

आता हिशोब करा. दोन्ही लायसेट मिळून अर्धा टक्का असतील असं उदार मनाने धरू. ३० मिलीच्या बाटलीत ते होतात ०.१५ मिली. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो, म्हणजे पूर्ण बाटलीत तीन थेंब. त्यातही लायसेट बहुधा पाण्यात मिसळलेल्या स्वरूपात येतं, तेव्हा त्या तीन थेंबांतला मोठा भाग पुन्हा पाणीच असतो.

उलटी चूकही होते. काही सीरममध्ये यादीचं पहिलंच नाव ‘फर्मेंट फिल्ट्रेट’ असतं आणि खोक्यावर ‘९०% फर्मेंट’ लिहिलेलं असतं. फिल्ट्रेट हा मुळात पाण्याचाच द्रव आहे, त्यामुळे पाण्याच्या जागी तो घातला की आकडा मोठा होतो. त्यात सुका अंश किती, हे न सांगता ९०% सांगणं म्हणजे वरणाच्या पाण्याला डाळ म्हणण्यासारखं आहे.

‘५ अब्ज’चं काय? आकड्यामागे ‘कशात’ हे नसेल तर आकडा अर्धवट आहे: एका मिलीत, पूर्ण बाटलीत की कच्च्या मालाच्या एका ग्रॅममध्ये? समजा उष्णतेने मारलेल्या जीवाणूंची भुकटी घेतली, जिच्या एका ग्रॅममध्ये १०० अब्ज पेशी आहेत. मग ५ अब्ज पेशींसाठी ०.०५ ग्रॅम भुकटी पुरते, म्हणजे ३० ग्रॅम सीरमच्या सुमारे ०.१७ टक्के. ही मोजणी जीवाणू मारण्याआधीचीही असू शकते. जिवंत असतील तर ‘सीएफयू’ हे एकक लिहायला हवं, म्हणजे ताटलीवर ठेवले तर वाढून वसाहत करणाऱ्या पेशींची संख्या. एककाशिवाय अब्ज लिहिलेलं दिसलं की ती संख्या वाचायचीच नाही.

मुंबईतल्या खरेदीत एक अडचण येते. ६० मिलीपेक्षा लहान द्रव पॅकवर आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान क्रीमच्या पॅकवर घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. सीरम बहुतेक ३० मिलीचीच असतात. बरेच उत्पादक तरीही यादी देतात. ज्यांनी दिली नाही त्यांच्याकडे ती मागायची, आणि मिळाली नाही तर बाटली परत ठेवायची. दाव्याचा सगळा भार घटकांवर असताना घटक लपवणाऱ्याला ८९९ रुपये देण्याचं कारण नाही.

‘प्रीबायोटिक’: निवड कोण करतं?

प्रीबायोटिक म्हणजे सूक्ष्मजीवांचं खाद्य, पण व्याख्येतला कळीचा शब्द आहे ‘निवडक’. शरीराच्या सूक्ष्मजीवांनी निवडकपणे वापरलेला आणि त्यातून आरोग्याला फायदा देणारा पदार्थ, असं २०१७ ची व्याख्या सांगते. आतड्यात इन्युलिन या साखरेच्या साखळ्यांनी बनलेल्या तंतूचं हे काम दाखवलेलं आहे. तिथे पदार्थ तासन्‌तास राहतो, दमट आणि प्राणवायू नसलेल्या जागी राहतो. चेहऱ्यावर पातळ थर लागतो, काही तासांत घामाने आणि फेसवॉशने निघून जातो.

आणि साखर घातली तर ती फक्त ‘चांगल्या’ने खावी ही सोय निसर्गात आपोआप नसते. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: या साखरेवर कुठला त्वचेचा जीवाणू वाढला, कुठला वाढला नाही, आणि हे काचेच्या ताटलीत दिसलं की माणसाच्या त्वचेवर? ताटलीतला निकाल ही सुरुवात असते, फायद्याचा पुरावा नसते. इन्युलिन आणि ग्लुकन पाणी धरून ठेवतात, त्वचा थोडी मऊ वाटते. तेवढं काम ते करतात आणि तो फायदा मॉइश्चरायझरचा आहे.

‘२८ दिवसांत ९३%’ उलगडून बघा

हा आकडा खोक्यावर सगळ्यात मोठा असतो, आणि त्याखालची बारीक ओळ सगळ्यात महत्त्वाची. तिथे बहुधा ‘३० महिलांचं स्वमूल्यमापन’ असं काहीतरी असतं. ३० पैकी २८ जणींनी ‘हो, शांत वाटली’ असं सांगितलं की ९३% होतात. दोघींचं मत बदललं असतं तर आकडा ८७ वर आला असता. आणि त्यांना तुलनेला दुसरी बाटली दिली होती का? नसेल, तर २८ दिवस रोज कुठलंही ग्लिसरिनयुक्त सीरम लावलं असतं तरी बऱ्याच जणींनी हेच सांगितलं असतं.

आपल्या यादीत तर रेघेवर ग्लिसरिन, नायसिनामाइड आणि पॅन्थेनॉल बसलेले आहेत. नायसिनामाइड दोन ते पाच टक्क्यांत त्वचेचा संरक्षक थर मजबूत करायला मदत करतं, याचे चांगले पुरावे आहेत. ग्लिसरिन पाणी ओढून धरतं. त्वचा शांत झाली असेल तर श्रेय यांचं असण्याची शक्यता जास्त, आणि हे तिन्ही घटक स्वस्त, साध्या मॉइश्चरायझरमध्येही मिळतात.

मग लायसेटचं स्वतःचं काम दाखवायचं कसं? एक गट लायसेटसह क्रीम लावतो, दुसरा हुबेहूब तेच क्रीम फक्त लायसेट वगळून. कोणाकडे काय आहे हे ना लावणाऱ्याला माहीत, ना तपासणाऱ्याला. असे अभ्यास झालेले आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ॲटॉपिक एक्झिमाच्या ७५ रुग्णांवर व्हिट्रिओसिला फिलिफॉर्मिस या जीवाणूचं ५% लायसेट असलेलं क्रीम ३० दिवस वापरलं आणि साध्या क्रीमपेक्षा जास्त सुधारणा दिसली. २०१० च्या दुसऱ्या अभ्यासात संवेदनशील त्वचेच्या ६६ महिलांवर बायफिडोबॅक्टेरियम लाँगमचा अर्क १०% प्रमाणात दोन महिने वापरला, तिथेही त्वचेची संवेदनशीलता घटली. हे अभ्यास दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पण प्रमाण पाहा: ५ आणि १० टक्के. आपल्या बाटलीत ते रेघेखाली आहे. एखाद्या ब्रँडने याच अभ्यासांकडे बोट दाखवलं तर लगेच विचारायचं, तुमच्या बाटलीत तोच स्ट्रेन आणि तेवढंच प्रमाण आहे का? औषधाचा दहावा भाग देऊन पूर्ण गुणाचा दाखला लावता येत नाही.

जिवंत जीवाणूंचीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. निरोगी माणसांच्या त्वचेवरून घेतलेला रोझिओमोनास म्युकोसा हा जीवाणू एक्झिमावर वापरल्याचे २०१८ चे सुरुवातीचे निकाल आशादायक होते. त्यात दहा प्रौढ आणि पाच मुलं होती, पण तुलनेसाठी प्लासिबो, म्हणजे जीवाणू नसलेलं तसंच दिसणारं द्रावण, लावणारा गट नव्हता. पुढे त्याच जीवाणूवर बेतलेल्या औषधाची प्लासिबोसहित मोठी चाचणी झाली आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकालात मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. नेमका स्ट्रेन, मोजलेली जिवंत मात्रा आणि डॉक्टरांची देखरेख असूनही हे झालं. तीन थेंबांच्या अर्काकडून अपेक्षा ठेवताना हे आठवावं.

‘मायक्रोबायोम-फ्रेंडली’ आणि ‘विविधता वाढते’

पहिला शिक्का खासगी संस्थांचा असतो. त्याचा साधारण अर्थ एवढाच की चाचणीत या उत्पादनाने त्वचेच्या जीवाणूंना फारसा धक्का लावला नाही. धक्का न लावणं आणि फायदा करणं यात मोठं अंतर आहे. साधं पेट्रोलियम जेलीसुद्धा असा शिक्का मिळवू शकेल.

दुसरा दावा जास्त फसवा आहे. ‘जीवाणूंची विविधता १२ टक्क्यांनी वाढली’ हे ऐकायला जंगल वाचवल्यासारखं वाटतं. एक्झिमा उफाळतो तेव्हा स्टॅफिलोकोकस ऑरियस माजतो आणि विविधता घटते, हे खरं आहे. पण निरोगी तेलकट कपाळावर विविधता मुळातच कमी असते, कारण तिथे क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेसचं वर्चस्व असतं आणि तेच तिथलं नेहमीचं, निरोगी चित्र आहे. तिथे विविधता वाढली तर ती चांगलीच, असं कशावरून? शिवाय ही मोजणी बहुधा डीएनएवरून होते आणि नेहमीच्या पद्धतीत मेलेल्या जीवाणूंचाही डीएनए मोजला जातो. अंगाला लावलेल्या क्रीमच्या लायसेटमधला डीएनए स्वॅबवर आला, तरी आकडा हलू शकतो.

परिरक्षक नसलेली बाटली आणि मुंबईची हवा

‘मायक्रोबायोमसाठी परिरक्षकमुक्त’ असं लिहिलेलं उत्पादन घेताना सर्वात जास्त जपायला हवं, आणि जाहिरात नेमकं उलटं सांगते. परिरक्षकाचं काम बाटलीतले जंतू रोखणं आहे. पाणी असलेलं, रुंद तोंडाचं क्रीम रोज ओल्या बोटाने काढायचं आणि पावसाळ्यात बंद बाथरूममध्ये ठेवायचं, यात त्वचेच्या मित्रांपेक्षा स्यूडोमोनाससारख्या जंतूंची सोय जास्त होते. असं क्रीम घ्यायचंच असेल तर हवाबंद पंपाची बाटली निवडा, झाकणावर उघडल्याची तारीख लिहा, आणि बाथरूमऐवजी खोलीतल्या कपाटात ठेवा. वास बदलला, वर पाणी सुटलं, ठिपके आले किंवा बाटली फुगली तर टाकून द्या. जंतू झाल्याची खूण दिसेलच असंही नाही, म्हणून उघडल्यानंतरची मुदत पाळायलाच हवी.

घरचं दही? त्याच्यातलं लॅक्टिक आम्ल वरचा मृत थर थोडा सैल करतं, म्हणून त्वचा मऊ लागते. त्यातले जीवाणू त्वचेवर मुक्काम करत नाहीत. फोडलेल्या मुरुमावर, वॅक्सिंगनंतर किंवा जखमेवर दही लावू नये. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे दबलेली आहे, त्यांनी कुठलाही जिवंत जीवाणू डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

नवीन सीरम घेतलंच, तर मनगटापासून चार बोटं वर, हाताच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ एक थेंब सात दिवस लावून बघा. कोपराच्या घडीत घाम साचतो, तिथल्या लालीचं कारण समजत नाही, म्हणून ती जागा टाळा. आपल्या उदाहरणातला पहिला संशयित परफ्यूम असेल, लायसेट नव्हे.

आणि मांडीच्या सांध्यात, कमरेवर गोल, कडेने लाल, खाजणारा चट्टा असेल तर ते बहुधा गजकर्ण. त्याला बुरशीविरोधी उपचार लागतात. तिथे मायक्रोबायोम क्रीम लावून आठवडे घालवू नका, आणि दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम तर बिलकूल आणू नका. त्याने खाज दबते आणि बुरशी पसरते.

कंपनीला काय विचारायचं, आणि तक्रार कुठे

ग्राहक सेवेला एवढंच लिहा: ‘आपल्या सीरममधल्या जीवाणूंचा स्ट्रेन कोणता, ते जिवंत आहेत का, तयार उत्पादनात त्यांचं प्रमाण किती, आणि हेच सीरम लायसेटशिवायच्या त्याच सीरमशी तुलना करून तपासलं आहे का? अहवालाचा सारांश पाठवावा.’ उत्तरात कच्चा माल पुरवणाऱ्याचं माहितीपत्रक आलं तर समजा की तयार बाटलीवर चाचणी झालेली नाही. ‘गोपनीय फॉर्म्युला’ असं आलं तर लक्षात घ्या, पूर्ण पाककृती कोणी मागितलीच नव्हती. स्ट्रेन, टक्केवारी आणि तुलनेचा निकाल सरळ देणाऱ्या कंपन्याही असतात. पैसे द्यायचेच असतील तर त्यांना द्यावेत.

खोक्यावर ‘एक्झिमा बरा करतो’, ‘मुरुमांवर उपचार’ असं छापलेलं असेल तर मामला वेगळा होतो. कायद्याने सौंदर्यप्रसाधन स्वच्छ करणं, सुंदर दिसणं, रूप बदलणं एवढ्यासाठी आहे. आजार बरा करण्याचा दावा औषधाचा, आणि त्याला औषधाचा परवाना लागतो. अशा लेबलची तक्रार महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, त्याचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. जाहिरातीतला दावा खोटा वाटत असेल तर जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे एएससीआयकडे, ऑनलाइन तक्रार नोंदवता येते. पैसे परत हवे असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिन्ही ठिकाणी लागतं ते सारखंच: बिल, खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो, बॅच क्रमांक, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट. खोका म्हणूनच पहिल्या दिवशी कचऱ्यात टाकू नये. सीरमच्या बाटलीवर बहुतेक वेळा यातलं अर्धंच छापलेलं असतं.